रजईत भरलेली हवा

दोन किलो कापसाची नवी एकेरी रजई सुमारे दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि चार सेंटीमीटर जाड धरली, तर तिचे आकारमान १२० लिटर होते. कापसाचा तंतू पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो. त्यामुळे दोन किलो कापूस प्रत्यक्षात सव्वा-दीड लिटरच जागा व्यापतो आणि बाकी सगळी हवा असते, शंभरात जवळजवळ नव्याण्णव भाग. तोच कापूस एकही फट न ठेवता रजईभर दाबून पसरला, तर त्याची जाडी अर्धा मिलिमीटरही भरणार नाही.

उष्णता अडवण्याचे काम ही हवाच करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. कापसाच्या घट्ट तंतूमधून ती त्याहून कित्येक पटींनी वेगाने जाते. अट एकच, हवा स्थिर हवी. मोकळी हवा अंगाजवळ तापली की वर सरकते, तिच्या जागी गार हवा येते आणि ऊब निघून जाते. म्हणून खोलीभर हवा असूनही उघड्या अंगाला थंडी वाजतेच. बारीक तंतूंच्या जाळ्यात मात्र हवेला हलायला वाव उरत नाही. तंतूंशी होणाऱ्या घर्षणामुळे ती जागच्या जागी राहते. शिवाय अंगातून बाहेर पडणारी प्रारण उष्णताही तंतू काही प्रमाणात अडवतात.

जाडजूड जीन्सने थंडी फारशी का भागत नाही, हे यावरून कळते. तिची वीण इतकी घट्ट असते की वजनाच्या मानाने हवा थोडीच मावते. सैल विणीच्या स्वेटरमध्ये हवा भरपूर असते, पण मोटारसायकलवर वारा त्यातून आरपार जातो. अशा वेळी वरून घातलेले पातळ विंडचीटर स्वतः ऊब देत नाही, तरी आतली हवा राखते.

रजई वापरून बसते, तेव्हा वजन तेच राहते, कापूसही तेवढाच असतो. कमी होते ती हवा. चार सेंटीमीटरची रजई एक सेंटीमीटरवर आली, तर तिच्यात अजूनही शंभरात पंचाण्णव भाग हवा असते, पण उष्णतेला ओलांडावा लागणारा स्थिर हवेचा थर चौथाईवर येतो आणि थंडी अडवण्याची ताकदही साधारण तेवढीच उरते. म्हणजे जाडी महत्त्वाची आहेच, पण ती हवेच्या थराची. टाक्यांच्या ओळींवर रजई चेपलेली असते, त्यामुळे तिथून ऊब अधिक निसटते. तरी टाके लागतातच, नाहीतर कापूस एका कोपऱ्यात गोळा होईल. अंगाखाली घेतलेली रजईसुद्धा वजनाने दबते. गिर्यारोहक महागडी स्लीपिंग बॅग असली तरी खाली फोमची चटई टाकतात, कारण बॅगेतली पिसे पाठीखाली चपटी होतात, फोमचे बंद बुडबुडे सहसा होत नाहीत.

ओल लागली की नुकसान दुहेरी होते. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे चोवीसपट सहज वाहते, आणि तंतूंमधल्या पोकळ्यांत तेच पाणी हवेची जागा घेते. त्यातच ओला कापूस लिबलिबीत होऊन तंतू एकमेकांना चिकटतात, म्हणजे चेपण्याचा दोषही येतो. ते पाणी वाळतानाही उष्णता खाते. झोपलेल्या माणसाचे शरीर साधारण ७५ वॅट उष्णता देते. शंभर ग्रॅम, म्हणजे अर्धा पेलाभर, पाण्याची वाफ व्हायला लागणारी सगळी उष्णता अंगातूनच गेली, तर त्यात शरीराची पाऊण-एक तासाची कमाई खर्ची पडते. हे पाणी पावसाचेच असावे लागत नाही. रात्रभर त्वचेतून न जाणवणारा घाम निघतच असतो आणि त्यातला काही गार कापसात मुरतो.

लोकर इथे कापसापेक्षा बरी. तिचा तंतू बराच ओलावा पोटात घेतो, तरी त्याचा कुरळेपणा बऱ्यापैकी टिकतो आणि पोकळ्या लगेच बसत नाहीत. पावसापाण्यात मेंढ्यांमागे हिंडणारे धनगर घोंगडी बाळगतात, त्यामागे हे एक कारण आहे. अर्थात चिंब भिजलेली घोंगडीही जड आणि गार होतेच.

रजई कामातून गेली का, हे हाताला कळते. एक कोपरा मुठीत दाबून सोडावा. तो फुगून आला तर ठीक, न आला तर कापूस बसला आहे. गार, जडसर लागली आणि कुबट वास आला, तर आत ओल आहे. उजेडासमोर धरल्यावर पातळ पट्टे दिसले, तर कापूस सरकला आहे. कडक ऊन दाखवून झटकल्याने ओल जाते आणि कापूस थोडा फुगतो. गाठी मात्र उन्हाने सुटत नाहीत. त्यासाठी खोळ उसवून कापूस पिंजाऱ्याकडे द्यावा लागतो. पिंजताना तंतू सुटे होऊन कापूस पुन्हा फुलतो, पण दरवेळी काही तंतू तुटतात. फार वेळा पिंजलेला कापूस आखूड होत जातो आणि लवकर बसतो. मग त्यात थोडा नवा कापूस मिसळून घेतात.