खाल्लं खरं, पण संपलं का?

मँडरिन चिनीत 'चाओ' म्हणजे शोधणं. वस्तू मिळाली की नाही, हे त्या क्रियापदात नाही. मिळाली असेल तर त्याला 'ताओ', म्हणजे पोचणं, हा शब्द चिकटवायचा: 'चाओ-ताओ', सापडलं. आपण शोधणं आणि सापडणं ही दोन वेगळी क्रियापदं वापरतो. चिनी माणूस आधी कृती सांगतो आणि लगेच तिचं फळ. 'खान' म्हणजे वाचणं किंवा पाहणं, 'तुंग' म्हणजे समजणं. 'खान-तुंग' म्हणजे वाचून समजलं. 'छ्र' म्हणजे खाणं, 'वान' म्हणजे संपणं. 'छ्र-वान' म्हणजे खाऊन झालं. (चिनी उच्चारांतले चढउतार देवनागरीत उतरत नाहीत, ते इथे सोडून दिले आहेत.)

हे फळ कोणाच्या पदरात पडतं, ते मात्र दरवेळी बघावं लागतं. 'छ्र-वान'मध्ये संपतं ते जेवण. 'छ्र-पाओ'मध्ये पोट भरतं ते जेवणाऱ्याचं. जोडणी तीच, पण परिणाम एकदा ताटावर आणि एकदा माणसावर.

खरी गंमत नकारात आहे. 'मे खान-तुंग' म्हणजे वाचलं, पण समजलं नाही. झालेल्या गोष्टीचा हा हिशेब. तेच 'पु' हा नकार दोन शब्दांच्या मधे घातला की 'खान-पु-तुंग' होतं: वाचलं तरी समजण्यातलं नाही. अक्षरंच ओळखीची नसतील तर हेच म्हणायचं. समजण्यासारखं असेल तर त्याच जागी 'त' येतो: 'खान-त-तुंग'.

आता जेवणाच्या टेबलावर या. 'खाता येत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा कारण वेगळं सांगावं लागतं. चिनीत ते शेवटच्या शब्दातच असतं. ताटात फार वाढलंय, संपणार नाही: 'छ्र-पु-वान'. पोटात जागा नाही किंवा भूकच मेलीय, घास उतरत नाही: 'छ्र-पु-श्या'. खिशाला परवडत नाही: 'छ्र-पु-छी'. या गावात तो पदार्थ मिळतच नाही: 'छ्र-पु-ताओ'. आणि मिळतो, परवडतो, पण जिभेला सवय नाही: 'छ्र-पु-क्वान'. चिनी यजमानाने आग्रहाने वाढलेल्या ताटासमोर पहिला शब्द उपयोगी पडतो. चुकून तिसरा तोंडून गेला तर आपण पैशांची तक्रार करतोय असं वाटेल.

शिकणाऱ्यांचा पाय बहुतेक इथेच घसरतो. शक्यतेसाठी 'नंग' हा सरळ शब्द चिनीत आहे, म्हणून ते 'पु नंग खान-तुंग' असं वाक्य जुळवतात. ऐकणाऱ्याला ते ओबडधोबड वाटतं, कारण असमर्थतेसाठी मधला 'पु'च हवा. 'पु नंग छ्र' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा रोख वेगळा: हे खाऊ नये, किंवा खाण्यालायक नाही. डॉक्टरांनी मिरची बंद केली असेल तर हे वाक्य. मिरची सोसतच नसेल तर 'छ्र-पु-ल्याओ' म्हणतात, म्हणजे खाणं निभणार नाही.