कुर्त्याने शरीराचीच चूक करावी

ॲनिमेशनमधल्या माणसाला हाडं असतात, कातडी असते, पण मधलं मांस नसतं. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये शरीर म्हणजे हजारो बिंदू एकमेकांना जोडून केलेलं पोकळ जाळं. त्याला मेश म्हणतात आणि बिंदूंना व्हर्टेक्स. आत बोन्सचा सांगाडा बसवलेला असतो. कुठलं हाड हललं की कुठला बिंदू किती हलायचा, हे प्रत्येक बिंदूवर 0 ते 1 मधल्या आकड्याने लिहून ठेवलेलं असतं. हा आकडा म्हणजे वेट. दंडाच्या मध्यावरचा बिंदू पूर्णपणे दंडाच्या हाडाचा, म्हणून तिथे 1. कोपराजवळच्या बिंदूवर दंडाचं आणि पुढच्या हाताचं हाड दोघांचाही हक्क, म्हणून तिथे वाटणी. Weight Paint मध्ये हे आकडे रंगांनी दिसतात: निळा म्हणजे शून्य, लाल म्हणजे एक, आणि मध्ये हिरवा-पिवळा.

चांगल्या शरीराचे वेट रंगवणं हे चिकाटीचं काम आहे. ते संपलं की त्या शरीराला कपडे घालायचे असतात. समजा, गुडघ्यापर्यंतचा सैलसर कुर्ता आहे. कुर्त्याचा मेश वेगळा आणि त्यावर एकही वेट नाही. पात्राने हात वर केला की हात बाहीतून निघून जातो आणि कुर्ता हवेत तसाच उभा राहतो. कुर्त्यावर पुन्हा ब्रश फिरवून वेट रंगवता येतात. पण त्यात वेळ जातो हा लहान तोटा. मोठा तोटा कोपर वाकवल्यावर दिसतो.

हाड फिरल्यावर बिंदूची नवी जागा ठरवण्याची ब्लेंडरची नेहमीची रीत अगदी सरळ आहे. कोपराच्या सांध्यापासून 5 सेंटिमीटरवर एक बिंदू आहे, दोन्ही हाडांचं वेट 0.5-0.5. कोपर 90 अंशात वाकवलं. हा बिंदू फक्त दंडाबरोबर राहिला असता तर कुठे असता आणि फक्त पुढच्या हाताबरोबर गेला असता तर कुठे असता, अशा दोन जागा आधी काढल्या जातात. मग त्या सरळ रेघेने जोडून मधली जागा घेतली जाते. खरं तर बिंदूने सांध्याभोवती वर्तुळावर फिरायला हवं होतं. तो जीवेच्या मध्यावर आला. 5 सेंटिमीटरचं अंतर 3.5 वर आलं. वाकलेलं कोपर आत दबलेलं दिसतं ते यामुळे.

आता त्याच बिंदूच्या बाहेर 1 सेंटिमीटरवर बाहीचा बिंदू आहे. त्याचेही वेट 0.5-0.5 असतील तर 6 सेंटिमीटरचे 4.2 होतात. बाही दबली, पण कातडीच्या बाहेरच राहिली. दोघांनी एकच चूक केली, म्हणून ती कुणाच्या नजरेत आली नाही. बाही निराळ्या हाताने रंगवली आणि तिथे 0.7-0.3 पडलं, तर ती वेगळ्याच दिशेने सरकते आणि कोपर कापडातून बाहेर डोकावतं. कपड्याचे वेट अचूक असण्यापेक्षा ते शरीरासारखेच असणं जास्त महत्त्वाचं, ते यासाठी. म्हणूनच ते रंगवण्यापेक्षा उचलून आणावेत हे बरं.

उचलण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. सांगाडा मूळ स्थितीत असावा आणि कुर्ता शरीरावर नेमका बसलेला असावा. शरीराचे हात आडवे पसरलेले असतील तर बाह्याही आडव्याच हव्यात. मग आधी शरीर निवडायचं, Shift दाबून नंतर कुर्ता, आणि Weight Paint मध्ये जाऊन `Weights > Transfer Weights`. खालच्या कोपऱ्यात पर्यायांची चौकट उघडते. तिथे `Source Layers Selection` मध्ये सगळ्या गटांचे वेट येतील असा पर्याय हवा, नाहीतर एकाच हाडाचे वेट येतात आणि बाकीचा कुर्ता निळाच राहतो. `Vertex Mapping` मध्ये `Nearest Face Interpolated` निवडायचं. शेवटी कुर्त्याला Armature मॉडिफायर लावून तोच सांगाडा दाखवायचा.

या लांबलचक नावाच्या पर्यायात काय घडतं? बाहीवरचा प्रत्येक बिंदू शरीरावरची आपल्याला सर्वांत जवळची जागा शोधतो. ती जागा एखाद्या व्हर्टेक्सवर पडेलच असं नाही. बहुतेक वेळा ती तीन व्हर्टेक्समधल्या त्रिकोणात कुठेतरी असते. त्या तीन टोकांवर पुढच्या हाताचं वेट 0.8, 0.6 आणि 0.5 आहे, आणि आपली जागा पहिल्या टोकाकडे झुकलेली, म्हणजे टोकांचे वाटे 0.5, 0.3 आणि 0.2 आहेत, असं धरू. गुणाकार करून बेरीज केली की 0.40 अधिक 0.18 अधिक 0.10, म्हणजे 0.68. उरलेलं 0.32 दंडाकडून याच हिशेबाने येतं. शेजारीच `Nearest Vertex` असाही पर्याय आहे. तो सर्वांत जवळच्या टोकाचं 0.8 जसंच्या तसं उचलतो. कुर्त्याचं जाळं शरीरापेक्षा दाट असलं की शेजारशेजारच्या कित्येक बिंदूंना एकच आकडा मिळतो आणि कापडावर पायऱ्या दिसतात.

बाही, खांदे, छाती, पाठ इथपर्यंत हे इतकं नीट जमतं की काम झालं असं वाटतं. मग पात्राचा डावा पाय पुढे उचलायचा.

कुर्त्याचा घेर दोन्ही मांड्यांच्या पुढून एकसंध जातो. त्याच्या बरोबर मध्यरेषेच्या डावीकडचा बिंदू जवळची जागा शोधतो, त्याला डावी मांडी सापडते. एका सेंटिमीटरवरच्या उजव्या बिंदूला उजवी मांडी सापडते. दोघांनाही आपापल्या मांडीचं जवळजवळ 1 वेट मिळतं. हे बिंदू खुब्याच्या सांध्यापासून 30 सेंटिमीटर खाली आहेत असं समजू. डावी मांडी 45 अंश उचलली की डावा बिंदू मूळ जागेपासून 23 सेंटिमीटर दूर जातो आणि उजवा जागचा हलत नाही. एका सेंटिमीटरचं कापड 23 सेंटिमीटर ताणलं जातं आणि कुर्त्याच्या मधोमध पँट शिवल्यासारखी दुफळी होते. यात सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नाही. ‘सर्वांत जवळ काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर त्याने बरोबर दिलं. घेराला तो प्रश्नच विचारायला नको होता. काखेत हीच तऱ्हा थोड्या प्रमाणात होते: सैल बाहीच्या खालच्या काही बिंदूंना दंडाऐवजी बरगड्या जवळच्या वाटतात.

यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय 2023 मध्ये सिग्राफ एशिया परिषदेत मांडला गेला. एपिक गेम्समधल्या रिनात अब्द्राशितोव्ह आणि सहकाऱ्यांचा हा लेख अगदी छोटा आहे. त्यांचं म्हणणं असं की जिथे खात्री आहे तिथेच वेट उचला, बाकीची जागा कोरी ठेवा. खात्रीच्या दोन अटी. कापडावरचा बिंदू आणि शरीरावरची जागा यांच्यातलं अंतर ठरावीक मर्यादेत हवं, आणि दोन्ही पृष्ठभागांचं तोंड साधारण एकाच दिशेला हवं. लेखासोबतच्या कोडमध्ये दिशांतला फरक 30 अंशांपर्यंत चालतो.

दुसरी अट घेराला वाचवते. कुर्त्याच्या मधल्या भागाचं तोंड समोर असतं, पण त्याला जवळ वाटणारी मांडीची आतली बाजू आडवी बघत असते. दिशा जुळत नाहीत, बिंदू बाद होतो. मांडीच्या अगदी पुढ्यातले बिंदू तेवढे टिकतात. मांडी ढोबळमानाने 8 सेंटिमीटर त्रिज्येची गोल धरली, तर तिच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना 4-4 सेंटिमीटरच जुळतात. दोन मांड्यांचे मध्य 18 सेंटिमीटरवर असतील तर मध्ये 10 सेंटिमीटरचा पट्टा कोरा राहतो.

हा पट्टा नंतर गणिताने भरला जातो. मांडवाचं कापड खांबांना बांधलं की खांबांपाशी त्याची उंची पक्की होते आणि मधली उंची कापड स्वतःच सांभाळतं, तसं इथे खात्रीचे वेट पक्के धरून मधले आकडे होता होईल तितके सलग जातील असे काढतात. डाव्या मांडीचं वेट पट्ट्यात 1 वरून हळूहळू 0 वर उतरतं. सेंटिमीटरगणिक बिंदू असेल तर प्रत्येक पायरी 0.1 ची. पाय उचलल्यावर लगतच्या दोन बिंदूंमध्ये 23 ऐवजी 2.3 सेंटिमीटरची तफावत पडते आणि एका सेंटिमीटरचं कापड तिरपं होऊन अडीच सेंटिमीटर होतं. ताण दिसतो, पण तो ताणलेल्या कापडासारखा दिसतो. ब्लेंडरसाठी ही पद्धत ॲड-ऑनच्या रूपात मिळते, त्यामुळे समीकरणं सोडवत बसावं लागत नाही.

ती फसते तेव्हा कारण बहुतेक वेळा कुर्त्यातच असतं. कुर्त्याचं तोंड उलटं, म्हणजे आतल्या दिशेला असेल तर दिशेची अट कुठेच पुरी होत नाही आणि जुळणारे बिंदू जवळजवळ उरतच नाहीत. Viewport Overlays मध्ये `Face Orientation` चालू करून पाहावं. बाहेरून कुर्ता लाल दिसला तर तो उलटा. कापडाला जाडी दिली असेल तर आतल्या थराचं तोंड शरीराकडे असतं आणि तो सगळा थर बाद होतो. म्हणून वेट एकेरी कापडावर आणावेत आणि जाडी देणारा Solidify मॉडिफायर Armature च्या खाली ठेवावा. बटणांची गोष्ट निराळी. ती सुटी असतात आणि वाकायला नको असतात. एका बटणाच्या सगळ्या बिंदूंना एकसारखे वेट द्यावेत, नाहीतर छाती फुगली की बटणाची लंबगोल वडी होते.

एवढं करूनही कधी कधी एखाद्या ठिकाणी कातडी डोकावतेच, विशेषतः कुर्त्याचं जाळं शरीरापेक्षा विरळ असेल तेव्हा. कापडाच्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ असते आणि त्यांच्यामधला शरीराचा बिंदू फुगून वर येतो. इथे वेट उकरत बसू नये. कुर्त्याखाली जे शरीर कधी दिसणारच नाही ते Mask मॉडिफायरने लपवावं.

मेहनत कुठे वाचेल याचा अंदाज कपडा बघूनच येतो. काष्ट्याची नऊवारी प्रत्येक पायाला वेगळी लपेटलेली असते, म्हणून मांडीचे वेट तिला चांगले लागू पडतात. भरपूर घेराच्या घागऱ्याला मात्र कुठलीही उसनवारी पुरत नाही, कारण तो पायांमागे जात नाही. तो झुलतो, थोडा मागे राहतो आणि मग येतो. तिथे कंबरपट्ट्यापुरतेच वेट आणावेत, त्या पट्ट्याचा वेगळा गट करून तो Cloth मॉडिफायरच्या `Pin Group` मध्ये द्यावा आणि खालचा घेर सिम्युलेशनवर सोडावा. मॉडिफायरच्या यादीत Armature वर आणि Cloth त्याच्या खाली हवा, म्हणजे कंबर सांगाड्याबरोबर जाते आणि घागरा कंबरेबरोबर.