सोनोग्राफी नॉर्मल, मग सिस्टोस्कोपी कशाला?

साठीतल्या, वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्या एखाद्या गृहस्थांना एकदाच लाल लघवी होते. दुखत काहीच नाही, दुसऱ्या दिवशी रंगही निवळतो. सोनोग्राफी नॉर्मल येते. तरी यूरोलॉजिस्ट सिस्टोस्कोपी सांगतात.

कारण न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नसतं. अस्तरावरची छोटी किंवा सपाट गाठ सोनोग्राफीतून निसटते. सिस्टोस्कोपीत ती दुर्बिणीतून थेट दिसते. मूत्राशय सतत दुखत असेल, तर खडा, सूज किंवा व्रणही याच तपासणीत सापडू शकतो.

लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी पाहतात. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून काही मिनिटं थांबतात. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचिक दुर्बीण हळूहळू आत सरकवतात आणि सलाईन सोडून मूत्राशय फुगवतात. त्या वेळी लघवीला जोरात लागल्यासारखं वाटतं. नुसतं पाहायला साधारण पाच-दहा मिनिटं पुरतात. गाठ दिसलीच, तर ती बहुधा नंतर भूल देऊन काढतात.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी गुलाबी दिसते. पाणी भरपूर प्यावं. ताप, थंडी, रक्ताच्या गुठळ्या किंवा लघवी अडकणं यांपैकी काहीही झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.