नाव त्यांचं, मसाला आपला

कोल्हापूरकडच्या एखाद्या छोट्या मसाला उद्योगाला पुण्यातल्या दुकानसाखळीचा ई-मेल येतो: ‘तुमचा कांदा-लसूण मसाला आमच्या नावाने विकायचा आहे. २०० ग्रॅमचं पाऊच, सुरुवातीला २,००० नग. किमान ऑर्डर किती आणि माल कधी मिळेल?’ मोठं गिऱ्हाईक दाराशी आलं या आनंदात ‘चालेल, पंधरा दिवसांत देतो’ असं कळवलं जातं. पुढचे वाद बहुतेक या एका ओळीतून उभे राहतात.

मसाल्याच्या बाजूने २,००० नग म्हणजे फक्त ४०० किलो. शंभर किलोच्या चार बॅच काढल्या की झालं. अडतं ते पाऊचपाशी. रंगीत छापील पाऊच रोटोग्रॅव्हुअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगाला एक वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो, आणि मशीन एकदा लावलं की छपाईवाला थोडक्यात थांबत नाही. तो नगांवर बोलतच नाही, फिल्मच्या किलोवर बोलतो. समजा, एका डिझाइनला किमान ३०० किलो फिल्म घ्यावी लागेल असं त्याने सांगितलं. २०० ग्रॅम मसाल्याचं रिकामं पाऊच साधारण ७ ग्रॅम भरतं. घट वजा केली तरी ४०,००० पाऊच हातात येतात. ती भरायला ८ टन मसाला लागेल, आणि गिऱ्हाइकाने मागितलेत ४०० किलो.

म्हणून ‘किमान किती’ या प्रश्नाला एकच आकडा देऊ नये. पहिल्या २,००० नगांसाठी साधं, न छापलेलं पाऊच आणि त्यावर स्टिकर हा मार्ग सुचवावा. नगामागे खर्च थोडा जास्त येतो, पण अंगावर माल पडत नाही. कांदा-लसूण मसाला तेलकट असतो. भरताना बाहेर हात लागला की कागदी स्टिकरवर डाग उमटतो, म्हणून स्टिकर प्लास्टिक फिल्मचं घ्यावं. खप जमला की छापील पाऊचवर जावं, आणि तेव्हाची किमान संख्या ४०,००० पाऊच अशी स्पष्ट लिहावी. मसाला मात्र मागणीप्रमाणे थोडा थोडा भरून देता येतो. सिलिंडरचा खर्च कोणाचा आणि ब्रँड बंद पडला तर उरलेली पाऊच कोण विकत घेणार, हेही त्याच पत्रात यावं. दुसऱ्याचं नाव छापलेलं पाऊच आपल्या काहीच कामाचं नसतं.

आता दिवसांचा हिशोब. पाऊचची आखणी, म्हणजे मापं, घड्या आणि सील कुठे येणार याचा नकाशा, आपण द्यायचा. त्यावर चित्र त्यांचा डिझायनर बसवतो. लोगो, बारकोड, ग्राहक तक्रारीचा पत्ता आणि त्यांचा एफएसएसएआय परवाना क्रमांक त्यांच्याकडून यायला हवा. घटकांची यादी, पोषणमूल्यं, अ‍ॅलर्जीची सूचना आणि उत्पादक म्हणून आपला परवाना क्रमांक आपण द्यायचा. मसाल्यात तीळ किंवा शेंगदाणा आहे का, हे इथेच तपासावं. पोषणमूल्यांसाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तो हाती नसेल तर आठवडा-दीड आठवडा तिथेच जातो.

छापील पाऊचला आर्टवर्क मंजूर झाल्यावर सिलिंडर, छपाई, लॅमिनेशन आणि पाऊच तयार होणं यात साधारण चार आठवडे धरावेत. मंजुरीपूर्वीचे दिवस आपल्या हातात नसतात. खरेदी अधिकारी ‘ठीक आहे’ म्हणतो, मग मालकाला लाल रंग आवडत नाही, मग कोणीतरी पत्त्यातला पिनकोड बदलतो. त्यामुळे तारीख देण्याऐवजी असं लिहावं:

‘अंतिम आर्टवर्कच्या पीडीएफवर आपल्या अधिकृत व्यक्तीची सही आणि आगाऊ रक्कम, यांपैकी जे नंतर मिळेल त्या दिवसापासून चार आठवड्यांत पाऊच तयार होतील. त्यानंतर सात दिवसांत भरलेला माल रवाना करू. सही झाल्यावर मजकूर बदलल्यास नवीन सिलिंडरचा खर्च आपल्याकडे राहील व मुदत नव्याने मोजली जाईल.’

रंगाची मंजुरी मोबाइलच्या पडद्यावर घेऊ नये. चकचकीत फिल्मवर तोच लाल वेगळा दिसतो. छपाईवाल्याकडून प्रत्यक्ष फिल्मवरचा नमुना मागवून त्यावरच सही घ्यावी.

डिझायनरला आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. पत्ता, घटक, परवाना क्रमांक असा सगळा बारीक मजकूर एकाच काळ्या रंगात ठेवावा. उद्या त्यांचं कार्यालय हललं तर फक्त काळ्याचा सिलिंडर बदलावा लागेल, बाकीचे तसेच चालतील. किंमत, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख तर सिलिंडरवर कोरूच नयेत. त्यांच्यासाठी कोरी जागा ठेवून भरतानाच मशीनने छापावं. आणि ती जागा सीलच्या पट्टीपासून दूर असावी, कारण तिथल्या उष्णतेने शाई पसरते आणि तारीख वाचता येत नाही.