तेरा दिवस की सोळा?

अटलबिहारी वाजपेयी यांचं पहिलं सरकार 'तेरा दिवसांचं सरकार' म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिलं आहे. पण पंतप्रधानांच्या अधिकृत यादीत पाहिलं तर त्यांची ती कारकीर्द 16 मे 1996 ते 1 जून 1996 अशी दिसते, म्हणजे सोळा दिवसांची. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. वाजपेयींनी 28 मे रोजी लोकसभेत मतदानाला सामोरं न जाता राजीनामा दिला. शपथविधीचा आणि राजीनाम्याचा असे दोन्ही दिवस धरले तर तेरा भरतात. एच. डी. देवेगौडा यांचा शपथविधी मात्र 1 जूनला झाला, आणि तोपर्यंत पंतप्रधानपदी वाजपेयीच होते.

पंतप्रधानाची कारकीर्द शपथेपासून सुरू होते, हे सहज पटतं. ती संपते कधी, इथे मात्र घोळ होतो. राजीनामा ही बातमी असते. त्या दिवशीची भाषणं गाजतात, वर्तमानपत्रांचे मथळे त्याच दिवसाचे असतात, त्यामुळे तीच तारीख डोक्यात पक्की बसते. प्रत्यक्षात राष्ट्रपती राजीनामा स्वीकारतात आणि त्याच वेळी 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कामकाज पाहा' असं सांगतात. म्हणून पद सुटतं ते पुढच्या पंतप्रधानाने शपथ घेतली की, किंवा पदावर असताना मृत्यू झाला तर त्या दिवशी.

असं का, याचं उत्तर राज्यघटनेच्या 74व्या कलमात आहे. राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, असं ते कलम सांगतं, आणि त्यात एका दिवसाचीही सुट्टी ठेवलेली नाही. 'काळजीवाहू' हा शब्द घटनेत कुठेच नाही. 27 डिसेंबर 1970 रोजी लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा इंदिरा गांधींना आता पदावर राहण्याचा अधिकार उरला नाही, असा दावा घेऊन यू. एन. आर. राव न्यायालयात गेले होते. लोकसभा नसली तरी मंत्रिमंडळ असलंच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये दिला. त्यामुळे काळजीवाहू पंतप्रधान हा कायद्याच्या दृष्टीने पूर्ण पंतप्रधानच असतो. मोठे धोरणात्मक निर्णय त्याने टाळावेत, हा संकेत आहे, पण त्या संकेताने त्याची कारकीर्द तोकडी होत नाही.

हा हिशेब सगळ्यात कठीण जातो तो 1979 सालात. त्या जुलैमध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव मांडला. जनता पक्ष फुटत गेला आणि मतदानाआधीच, 15 जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. 28 जुलैला चरणसिंग यांनी पंतप्रधानपदाची आणि चव्हाणांनी उपपंतप्रधानपदाची शपथ घेतली. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने पाठिंबा काढून घेतल्यावर 20 ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. पंतप्रधान म्हणून ते लोकसभेला सामोरे गेलेच नाहीत. 22 ऑगस्टला राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभा विसर्जित केली. निवडणुका झाल्या आणि 14 जानेवारी 1980 रोजी इंदिरा गांधींनी शपथ घेतली.

आता दिवस मोजू. 28 जुलै ते 20 ऑगस्ट हे 23 दिवस, आणि 20 ऑगस्ट ते 14 जानेवारी हे 147 दिवस. एकूण 170. चरणसिंगांच्या कारकिर्दीचा आकडा सगळीकडे 170 दिसतो तो असा. त्यातले 147 दिवस काळजीवाहू होते, म्हणजे दर सात दिवसांतले सहा. चव्हाणांच्या उपपंतप्रधानपदाचीही हीच गत, कारण ते त्याच मंत्रिमंडळात होते.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. 14 जानेवारी हा दिवस चरणसिंगांचाही शेवटचा आणि इंदिरा गांधींचाही पहिला. दोघांच्या खात्यात तो पूर्ण धरला तर एकच दिवस दोनदा मोजला जातो. म्हणून सुरुवातीचा दिवस धरायचा आणि शेवटचा सोडायचा, किंवा याच्या उलट करायचं, पण यादीभर रीत एकच ठेवायची. 'तेरा दिवस' या आकड्यात दोन्ही टोकं धरलेली आहेत, तर 'सोळा'मध्ये एकच. त्यामुळे दोहोंतला फरक नुसत्या काळजीवाहू दिवसांचा आहे असं समजलं तर हिशेब जुळत नाही. 28 मे ते 1 जून हे चार दिवस होतात, तीन नव्हे.

तारखा बरोबर लागल्या की नाही, हे तपासायचा खात्रीचा उपाय म्हणजे लागोपाठच्या कारकिर्दींची बेरीज. मोरारजींनी 24 मार्च 1977 रोजी शपथ घेतली. तिथपासून इंदिरा गांधींच्या 1980 च्या शपथेपर्यंत 1,026 दिवस होतात. मोरारजींचे 28 जुलैपर्यंतचे 856 आणि चरणसिंगांचे 170 मिळवले की नेमके 1,026 येतात. दोघांच्याही राजीनाम्याच्या तारखा घेतल्या तर 843 आणि 23 मिळून 866च होतात. उरलेले 160 दिवस देशाला पंतप्रधानच नव्हता, असा त्याचा अर्थ निघतो, आणि चूक तिथेच सापडते.

वाजपेयींच्या दुसऱ्या सरकारने तर राजीनाम्याला शेवट मानणं किती चुकीचं आहे, ते दाखवून दिलं. 19 मार्च 1998 ला शपथ घेतलेलं हे सरकार 17 एप्रिल 1999 रोजी 269 विरुद्ध 270, म्हणजे एका मताने पडलं, आणि वाजपेयींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. 'तेरा महिन्यांचं सरकार' हे नाव त्यावरून पडलं. त्यानंतर मे ते जुलैमध्ये कारगिलचं युद्ध झालं. सैन्याला शिखरांवर पाठवण्यापासून ताबारेषा न ओलांडण्याच्या बंधनापर्यंतचे सगळे निर्णय काळजीवाहू सरकारने घेतले. कारकीर्द एप्रिलमध्ये संपवली तर कारगिलच्या वेळी पंतप्रधान कोण होते, याला यादीत उत्तरच मिळत नाही. ती कारकीर्द 13 ऑक्टोबर 1999 पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस महिने चालली.

काळजीवाहू काळ वेगळा दाखवायचा असेल तर तो कुठून धरायचा, हाही वादाचा मुद्दा आहे. काही जण लोकसभा विसर्जित झाल्यापासून धरतात. 1999 मध्ये ती 26 एप्रिलला, म्हणजे राजीनाम्यानंतर नऊ दिवसांनी विसर्जित झाली. राजीनाम्याची तारीख धरणंच अधिक योग्य, कारण सभागृहाचा पाठिंबा असल्याचा सरकारचा दावा त्या क्षणी संपतो. विसर्जन हे त्याचं लक्षण ठरू शकत नाही. 2004 मध्ये लोकसभा फेब्रुवारीत विसर्जित झाली ती वाजपेयी सरकारच्याच सल्ल्याने, बहुमत शाबूत असताना. राजीनामा आला तो निकालानंतर, 13 मे रोजी. मनमोहन सिंग यांच्या 22 मेच्या शपथेपर्यंतचे नऊ दिवसच तिथे खऱ्या अर्थाने काळजीवाहू होते.

तीच व्यक्ती पुन्हा पंतप्रधान झाली तर एकूण दिवसांत फरक पडत नाही, फक्त एक कारकीर्द संपून दुसरी सुरू झाल्याची रेघ ओढायची असते. ती नव्या शपथेवर ओढतात. नरेंद्र मोदी यांनी 24 मे 2019 रोजी राजीनामा दिला आणि 30 मे रोजी पुन्हा शपथ घेतली. त्यांची पहिली कारकीर्द 26 मे 2014 ते 30 मे 2019 अशी लिहायची, मधले सहा दिवस पहिल्याच कारकिर्दीत मोजायचे. घटनेने लोकसभेला पाच वर्षांची मुदत दिली आहे, पंतप्रधानाला नाही, त्यामुळे इथे पाच वर्षांच्या वर चार दिवस आले तरी त्यात काहीही चुकलेलं नाही.