जाहिरात समोर ठेवून रेझ्युमे तपासताना

अंतिम वर्षाच्या मुलांसाठी रेझ्युमेची कार्यशाळा ठेवली की पहिले प्रश्न टेम्प्लेटचे येतात. फोटो लावायचा का, एक पान की दोन, रंग चालेल का. प्लेसमेंट सेलने कार्यशाळेत वाटायच्या कागदावर टेम्प्लेट छापूच नये, असं माझं मत आहे. त्या कागदावर एकच काम असावं: एका हाताला कंपनीची जाहिरात, दुसऱ्या हाताला आपला रेझ्युमे, आणि जाहिरातीतल्या प्रत्येक ओळीला विचारायचं की हिचा पुरावा माझ्या रेझ्युमेत नेमका कुठे आहे. ‘मला येतं’ हे उत्तर इथे चालत नाही. बोट ठेवून ओळ दाखवता आली पाहिजे.

हे कसं करायचं ते एका नमुन्यावर पाहू. चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला क्वालिटी विभागात ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी हवे आहेत, असं धरू. जाहिरातीत, म्हणजे सेलमध्ये सगळे ज्याला जेडी म्हणतात त्यात, अशा अटी आहेत: मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनची पदवी; दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी अशा सगळीकडे किमान 60 टक्के; एकही केटी बाकी नको; ड्रॉइंग आणि जीडी अँड टी वाचता यावं; मोजमापाची साधनं हाताळलेली असावीत; सेव्हन क्यूसी टूल्स माहीत असावीत; एक्सेल यावं; तिन्ही शिफ्टमध्ये कामाची तयारी असावी. शेवटी, सीएमएम आणि आयएटीएफ 16949 ची ओळख असल्यास प्राधान्य.

अर्ज करणारी विद्यार्थिनी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली आहे. तिच्या रेझ्युमेत वर चार ओळींचं ऑब्जेक्टिव्ह आहे, नामांकित संस्थेत आव्हानात्मक संधी मिळावी अशा अर्थाचं. खाली ऑटोकॅड, कॅटिया, एमएस ऑफिस आणि ‘पटकन शिकते’ अशी कौशल्यांची यादी. मग प्रोजेक्ट, आणि भोसरीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात केलेली चार आठवड्यांची इंटर्नशिप. तिच्यापुढे एकच वाक्य: औद्योगिक वातावरणाचा अनुभव मिळाला.

पहिली पायरी पात्रतेची. इथे चूक झाली तर पुढची मेहनत वाया जाते. ‘सगळीकडे 60’ म्हणजे सरासरी नव्हे. प्रत्येक परीक्षेत स्वतंत्रपणे 60 हवेत. दहावीला 58 आणि पदवीला 75 असतील तर ही अट पुरी होत नाही. दुसरा घोळ सीजीपीएचा. बरीच मुलं सीजीपीएला सरसकट 9.5 ने गुणतात. तो गुणाकार सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी दिला होता, इंजिनिअरिंगसाठी नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात 60 टक्के म्हणजे 6.75 सीजीपीए. आता 6.6 सीजीपीए असलेला मुलगा 9.5 ने गुणून 62.7 टक्के लिहितो, आणि एआयसीटीईच्या हिशेबाने तो भरतो 58.5. तुमच्या विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच वापरायचं आणि कोणतं वापरलं ते आकड्याशेजारी लिहायचं. कॅम्पसच्या भरतीत आणखी एक गोष्ट घडते: अनेक कंपन्या पहिली गाळणी रेझ्युमेवरून न करता सेलने पाठवलेल्या एक्सेल शीटवरून करतात. शीटमध्ये 58.5, रेझ्युमेत 62.7 आणि गुणपत्रिकेवर तिसराच आकडा असेल, तर कागदपत्रं तपासताना मुलाखतीत पास झालेला उमेदवारही अडकतो. म्हणून तिन्ही ठिकाणचे आकडे जुळवून पाहायचे. आपल्या विद्यार्थिनीला 7.2 सीजीपीए आहे, एआयसीटीईच्या तक्त्याने 64.5 टक्के. केटी नाही. ती पुढे जाऊ शकते.

दुसरी पायरी जाहिरात सुटी करण्याची. कोऱ्या कागदावर उभी रेघ मारून डावीकडे एकेक अट लिहायची, एका ओळीत एकच. ‘ड्रॉइंग आणि जीडी अँड टी’ या दोन अटी आहेत, तिथे ‘आणि’ आहे. ‘मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन’ ही एकच अट, कारण तिथे ‘किंवा’ आहे. ‘असल्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं सगळं खाली, वेगळ्या रेघेखाली. ते नसलं म्हणून कुणी अर्ज टाकायचं थांबवू नये. या एका शब्दापायी चांगली मुलं, त्यातही मुली, अर्जच करत नाहीत, हे मला फार खटकतं.

तिसऱ्या पायरीला उजवी बाजू भरायची, आणि ती आपण स्वतः भरायची नाही. रेझ्युमे शेजारच्याला द्यायचा. स्वतःचा रेझ्युमे वाचताना माणूस कागदावर नसलेलंही वाचतो, कारण ते त्याच्या आठवणीत असतं. शेजाऱ्याला फक्त कागद दिसतो. प्रत्येक अटीसमोर त्याने तीनपैकी एक खूण करायची: दिसतं, पुसट आहे, नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या कागदावर खुणा अशा येतात. पदवी, टक्के: दिसतं. ड्रॉइंग: ऑटोकॅड लिहिलंय, पण ऑटोकॅडमध्ये चित्र काढणं वेगळं आणि कारखान्याचं ड्रॉइंग वाचून भाग तपासणं वेगळं, म्हणून पुसट. एक्सेल: एमएस ऑफिसच्या पोटात गेलंय, पुसट. मोजमापाची साधनं, जीडी अँड टी, सेव्हन क्यूसी टूल्स, शिफ्ट: नाही. सीएमएम, आयएटीएफ: नाही.

खरं काम इथून पुढे आहे. ज्या ज्या ठिकाणी ‘नाही’ आलं, तिथे शेजाऱ्याने विचारायचं: खरंच केलं नाहीस, की लिहिलं नाहीस? इंटर्नशिपच्या चार आठवड्यांत रोज काय करत होतीस, सकाळी कुठे उभी राहायचीस, हातात काय असायचं? या प्रश्नांना थोडा वेळ द्यावा लागतो. मग कळतं की ती बेअरिंग हाउसिंगच्या तपासणीच्या टेबलावर होती. 6204 बेअरिंग बसायचं म्हणून 47 मिलिमीटरचा बोअर, ड्रॉइंगवर एच7, म्हणजे 47.000 ते 47.025 च्या आत हवा. तो डायल बोअर गेजने मोजायचा, बाहेरचे व्यास मायक्रोमीटरने, आणि नोंदी तपासणी अहवालात करायच्या. शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरने तिला नाकारलेल्या भागांची नोंदवही दिली. तिने कारणांनुसार आकडे एक्सेलमध्ये भरून परेटो चार्ट काढून दिला. परेटो हे सेव्हन क्यूसी टूल्सपैकीच एक. म्हणजे जाहिरातीतल्या तीन-चार अटींचा पुरावा तिच्याकडे होता आणि ‘औद्योगिक वातावरणाचा अनुभव’ या शब्दांखाली गाडला गेला होता.

त्या एका वाक्याच्या जागी तिच्या इंग्रजी रेझ्युमेत आता या अर्थाच्या तीन ओळी येतील. बेअरिंग हाउसिंगचे बोअर (47 एच7) डायल बोअर गेजने आणि बाहेरचे व्यास मायक्रोमीटरने ड्रॉइंगनुसार तपासले. तपासणी अहवालात रोजच्या नोंदी केल्या. नाकारलेल्या भागांच्या कारणांचा परेटो चार्ट एक्सेलमध्ये तयार करून विभागाला दिला. यात विशेषणं नाहीत. काय मोजलं, कशाने आणि त्यातून काय तयार झालं एवढंच आहे. संक्षेप असेल तिथे पूर्ण रूपही एकदा लिहावं, कारण शोधणारा दोन्हींपैकी काय टाइप करेल ते आपल्या हातात नसतं.

प्रत्येक नव्या ओळीवर एक चाचणी लावायची: मुलाखतीत यावर दोन मिनिटं बोलता येईल का? बोअर कशाने मोजलास या प्रश्नाला सवयीने ‘व्हर्नियर’ असं उत्तर आलं, तर समोरचा लगेच ओळखतो. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर आणि इथे मुभाच सगळी 0.025 ची, म्हणजे त्या व्हर्नियरवर भाग पास की नापास हे ठरवताच येणार नाही. हे जिने हाताने केलंय ती सांगू शकते. जिने मैत्रिणीच्या रेझ्युमेतून ओळ उचलली ती इथेच पकडली जाते.

राहिलेल्या ‘नाही’चं काय? जीडी अँड टी तिने मेट्रॉलॉजीच्या विषयात शिकलंय, पण कामात वापरलेलं नाही. मग ते अनुभवात घालायचं नाही, अभ्यासलेल्या विषयांत लिहायचं आणि मुलाखतीआधी फ्लॅटनेस, पोझिशन अशा खुणा पुन्हा वाचायच्या. शिफ्टची तयारी असेल तर एक ओळ पुरते. घरी विचारून मगच लिहावी. सीएमएमला तिने हात लावलेला नाही, म्हणून तो शब्द रेझ्युमेत येणार नाही. जागा हवी असेल तर ऑब्जेक्टिव्ह काढून टाकावं. जाहिरातीतली एकही अट ते पुरी करत नाही.

सक्तीच्या अटींपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी प्रामाणिकपणे ‘नाही’ उरलं, तर तो वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्यावा, असं मी सांगतो. पात्रतेची अटच पुरी होत नसेल तर अर्थातच.

आता फाइल. पीडीएफ उघडून `Ctrl+A`, `Ctrl+C` करून सगळा मजकूर `Notepad` मध्ये चिकटवून पाहायचा. कंपनीच्या अर्ज घेणाऱ्या सॉफ्टवेअरला साधारण असंच काहीतरी मिळतं. दोन रकान्यांचं टेम्प्लेट असेल तर कधी डावी-उजवी वाक्यं एकमेकांत मिसळलेली दिसतात, कौशल्यांसमोरचे तारे आणि पट्ट्या गायब होतात, आणि चित्र म्हणून टाकलेला फोन नंबर येतच नाही. एका रकान्यातला साधा मजकूर हे टाळतो. ही सॉफ्टवेअर शब्द मोजून रेझ्युमे आपोआप कचऱ्यात टाकतात अशी भीती मुलांमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी ती मजकूर वाचून रकाने भरतात आणि मग भरती करणारा माणूस त्यात शब्द शोधतो, गाळण्या लावतो. आपोआप नकार येतो तो बहुधा ऑनलाइन अर्जातल्या प्रश्नांवरून: टक्के किती, केटी आहे का, शिफ्ट चालेल का. म्हणून ते प्रश्न घाईने भरू नयेत. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरात लपवून टाकण्याची युक्ती `Notepad` मध्ये उघडी पडते, तशीच तिकडेही पडते.

शेवटी दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या: पाठवलेला रेझ्युमे आणि जाहिरातीची पूर्ण प्रत, दोन्हींच्या नावात कंपनी आणि तारीख. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून निघून जाते, आणि मुलाखतीचा फोन त्यानंतरही येऊ शकतो. तेव्हा काय मागितलं होतं आणि आपण काय लिहिलं होतं, हे समोर असलेलं बरं.