आजारपणानंतर कामावर परतताना

मोठ्या आजारानंतर कामावर रुजू होताना डॉक्टर बहुधा एका ओळीचा दाखला देतात: ‘कामासाठी फिट’. साहेब त्याचा अर्थ पूर्ण आठ तास असाच घेतात, आणि त्यांचं चुकतंही नाही. म्हणून डॉक्टरांकडून रोज किती तास आणि किती आठवडे हे लिहूनच घ्यावं. भारतात खासगी नोकरीत अशा टप्प्याटप्प्याने परतण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही; सारी भिस्त अर्जावर.

समजा, बायपासनंतर लेखा विभागातला कर्मचारी परततो आहे. त्याचा अर्ज असा असू शकतो:

‘सर, १ तारखेपासून रुजू होऊ इच्छितो. पहिले दोन आठवडे ११ ते ३, पुढचे दोन ११ ते ५, त्यानंतर पूर्ण वेळ. सुरुवातीला बँकेचा ताळमेळ आणि बिलांची तपासणी करेन. महिनाअखेरचं काम या महिन्यात सहकाऱ्याकडे राहावं. उरलेले तास शिल्लक रजेतून अर्धा दिवस धरावेत. दोन आठवड्यांनी आपण आढावा घेऊ. डॉक्टरांचा दाखला सोबत.’

अकराची वेळ गर्दी टाळण्यासाठी. आजाराचा तपशील मात्र मुद्दाम दिलेला नाही. साहेबांना वेळापत्रक लागतं, अँजिओग्राफीचा रिपोर्ट नव्हे.

बेत फसतो तो बहुधा कामाच्या वाटणीत: तास निम्मे होतात, टेबलावरच्या फायली तेवढ्याच राहतात. रात्रभर झोपूनही सकाळी थकवा उतरला नसेल, तर पुढचा टप्पा आठवडाभर लांबवावा.